मेसेज बघितला, उत्तर नाही दिलं… ‘मुद्दाम’ या एका शब्दातून नवरा-बायकोचं भांडण कसं पेटतं?

म्हसवड : माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, ॲसिडनं शुद्ध करायचं, हे त्यांचं काम. मागे घर, जनावरं, म्हातारी माणसं आणि पोरांची शाळा बायको सांभाळते. अशा घरांत नवरा-बायकोचा निम्मा संसार मोबाईलवर चालतो. समोर चेहरा नाही, आवाज दिवसातून एकदा, बाकी सगळं मेसेजवर. त्यामुळं समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधत बसण्याला भरपूर वाव मिळतो, आणि बरीच भांडणं त्या अंदाजावरच होतात.

समजा, म्हसवडजवळच्या एखाद्या वाडीवरचं असंच एक जोडपं आहे. लग्नाला अकरा वर्षं झालीत. नवरा केरळात गलाईच्या दुकानात कामाला, बायको इथं सासू, नऊ वर्षांचा मुलगा आणि दोन जर्सी गाई घेऊन राहते. सिद्धनाथाचा रथ पंधरा दिवसांवर आलाय. दुपारी १ वाजून १० मिनिटांनी बायको मेसेज टाकते, ‘रथाला कवा येताय? पोराला कपडं घ्यायचीत. पाच हजार टाका.’ १ वाजून १२ मिनिटांनी दोन निळ्या टिका येतात. म्हणजे बघितलं. उत्तर मात्र येत नाही. तीन वाजतात, पाच वाजतात, धारा काढून होतात, तरी उत्तर नाही. रात्री सव्वानऊला फोन येतो आणि पहिलंच वाक्य असं निघतं, “झाली का आठवण?”

पलीकडून उत्तर येतं, “तुला तरी पैशाबिगर माझी आठवण कवा येती?”

पुढच्या दहा मिनिटांत गौरी-गणपतीला न येणं निघतं, तीन वर्षांपूर्वीच्या बारशातला मानपान निघतो, “तुमच्या घरातली सगळीच तसली” हे निघतं आणि फोन आपटला जातो. मग दोन दिवस बोलणं बंद. पोराच्या कपड्यांचा विषय कुठल्या कुठं गेला. पाच हजार रुपये कुठून आणायचे, यावर दोघांत एक शब्दही झालेला नसतो.

आता दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी तिकडं काय चाललं होतं ते बघू. नवरा भट्टीजवळ होता. फोन वाजला म्हणून त्यानं हातमोजा काढून मेसेज उघडला, तेवढ्यात शेठनं हाक मारली. संध्याकाळी त्यानं शेठकडं उचल मागितली. शेठ नाही म्हणाला. रिकाम्या हातानं बायकोला काय सांगायचं, याची लाज वाटली. पैशाचं काहीतरी जमवू आणि मगच बोलू, असा विचार करून तो गप्प राहिला. इकडं बायकोनं त्याच गप्प राहण्याचा अर्थ लावला की, ‘बघून मुद्दाम उत्तर दिलं नाही, माझी किंमतच नाही.’ आणि नवऱ्यानं तिच्या मेसेजचा अर्थ लावला की, ‘मी हिला फक्त पैशापुरता लागतो.’ दोघांनीही एकमेकांचं मन वाचलं आणि दोघांचंही चुकलं.

खोड जुनी, नाव नवं

मानसतज्ज्ञ याला ‘मन वाचणं’ असंच म्हणतात. इथं जादूटोण्याचा काही संबंध नाही. समोरच्याच्या वागण्यामागचा हेतू त्याला न विचारता ठरवायचा, आणि ठरवलेलं ते खरंच आहे असं धरून पुढं वागायचं, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात उदासीनतेच्या आजाराच्या रुग्णांवर काम करताना अशा विचारांच्या चुका टिपल्या. आपोआप डोक्यात येणारे विचार माणूस तपासत नाही, सरळ खरे मानतो, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढं १९८८ साली त्यांनी ‘लव्ह इज नेव्हर इनफ’ हे पुस्तक खास नवरा-बायकोंसाठी लिहिलं. एकमेकांवर जीव असलेली माणसंसुद्धा समोरच्याच्या बोलण्याचा उलटा अर्थ लावून कशी भांडत राहतात, हा त्याचा विषय. त्याच काळातले दुसरे मोठे नाव अल्बर्ट एलिस. त्यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. एलिस यांचं सांगणं थोडक्यात असं, की घडलेल्या गोष्टीनं माणूस थेट भडकत नाही, त्या गोष्टीबद्दल तो स्वतःला जे सांगतो त्यानं भडकतो. निळी टिक दिसणं ही घडलेली गोष्ट. ‘माझी किंमत नाही’ हे स्वतःला सांगितलेलं.

इथं कुणी म्हणेल की, “अकरा वर्षं संसार केलाय, नवऱ्याच्या मनातलं मला नाही कळणार तर कुणाला कळणार?” बोलणं रास्त वाटतं. पण तपासलं तेव्हा वेगळंच निघालं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी नवरा-बायकोंना त्यांच्यातल्या खऱ्याखुऱ्या तंट्यावर बोलायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. नंतर दोघांना ते वेगवेगळं दाखवून विचारलं की, या क्षणी तुमच्या मनात काय होतं आणि तुमच्या जोडीदाराच्या मनात काय होतं असं तुम्हाला वाटतं? मग दोघांची उत्तरं ताडून बघितली. १९९७ साली छापून आलेल्या या अभ्यासात लग्नाला जास्त वर्षं झालेल्या जोडप्यांचे अंदाज नव्या जोडप्यांपेक्षा जास्त चुकीचे निघाले. कारण समजण्यासारखं आहे. नवं लग्न झालेली माणसं एकमेकांकडं लक्ष देऊन बघतात, विचारतात. जुनी माणसं ‘मला म्हाईत हाय’ म्हणून बघणंच सोडून देतात.

अमेरिकेतल्या दुसऱ्या एका प्रयोगात नवरा-बायकोला पाठमोरं बसवलं आणि दोन अर्थ निघतील अशी साधी वाक्यं बोलायला लावली. ऐकणाऱ्यानं नेमका अर्थ ओळखायचा. परक्या माणसाला जेवढं ओळखता आलं, त्याहून जोडीदाराला काही जास्त ओळखता आलं नाही. फरक एकच होता. आपलं बोलणं जोडीदाराला नक्की कळलं असणार, अशी खात्री नवरा-बायकोला वाटत होती. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे सहवासानं खात्री वाढते, पण अंदाज त्या मानानं सुधारत नाही. भांडणातला धोका नेमका या खात्रीतच असतो.

‘मुद्दाम’, ‘नेहमी’, ‘तसलाच’

आपण मन वाचतोय हे आपल्याला आतून कळत नाही. तेव्हा तो अंदाज वाटतच नाही, डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटतं. म्हणून शब्द पकडावे लागतात. ‘मुद्दाम’ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. बायको आजारी सासूला चहा द्यायला विसरली, तर ‘विसरली’ म्हणता येतं आणि ‘मुद्दाम दिला नाही’ असंही म्हणता येतं. चहा न देणं दिसलं, मुद्दामपणा कुणाला दिसला? ‘दाखवायला’, ‘डिवचायला’, ‘मला कमी लेखायला’ हे शब्दही त्याच गटातले. हे शब्द तोंडात किंवा मनात आले की समजावं, आता दिसलेलं संपून अंदाज सुरू झाला.

बरं, हा अंदाज एकटा राहत नाही. वाडीवरच्या त्या बायकोच्या डोक्यात दुपारपासून रात्रीपर्यंत काय झालं ते बघण्यासारखं आहे. ‘आज उत्तर दिलं नाही’ याचं तासाभरात ‘हे कधीच उत्तर देत नाहीत’ झालं. एका दिवसाचं अकरा वर्षांवर पसरलं. मग मन जुनी खाती उघडून पुरावे गोळा करायला लागलं. गौरी-गणपतीला आले नाहीत, दिवाळीला दोनच दिवस राहिले, हे आठवलं. आषाढात गाय आजारी पडली तेव्हा फोन ठेवल्या ठेवल्या सात हजार पाठवले होते, ते मात्र आठवलं नाही. रागाचं मन धान्य चाळल्यासारखं आठवणी चाळतं, फक्त खडे वर ठेवतं आणि दाणे खाली सोडून देतं. शेवटी त्याला नाव चिकटलं, ‘माणूसच बेफिकीर.’ एकदा नाव चिकटलं की पुढचं बोलणंच खुंटतं. ‘उत्तर का नाही दिलं’ याला उत्तर असतं. ‘तू बेफिकीर आहेस’ याला काय उत्तर देणार? समोरचा एक तर फोन ठेवतो, नाही तर उलटं नाव ठेवतो. इथं नवऱ्यानं ‘पैशाची भुकेली’ म्हटलंच.

सगळ्यात खोल रुतलेली समजूत मात्र वेगळीच आहे. ती अशी की, ‘सांगितल्यावर केलं तर त्यात काय, न सांगता कळायला पाहिजे.’ आपल्याकडं ती फार मुरलेली आहे. बायकोनं काही मागणं बरं दिसत नाही, नवऱ्यानं अडचण सांगणं कमीपणाचं वाटतं. दोघंही गप्प राहून वाट बघतात की, समोरच्याला कळतंय का. यात मन वाचण्याची सक्तीच होते. ओळखलं नाही तर ‘जीव नाही’, आणि चुकीचं ओळखलं तर ‘इतकी वर्षं झाली तरी कळत नाही’. १९८२ साली अमेरिकेतल्या दोन मानसतज्ज्ञांनी संसारात त्रास देणाऱ्या समजुती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. तिच्यातल्या पाच समजुतींपैकी एक नेमकी हीच होती. म्हणजे ही अडचण फक्त माणदेशातली नाही.

कॅमेऱ्यात काय दिसलं असतं?

समुपदेशक यावर एक सोपी रीत वापरतात. राग आला की विचारायचं, त्या वेळी तिथं सीसीटीव्ही कॅमेरा असता तर त्यात काय दिसलं असतं? आपल्या जोडप्याच्या बाबतीत तीनच गोष्टी दिसल्या असत्या. १ वाजून १० मिनिटांनी मेसेज गेला. १ वाजून १२ मिनिटांनी उघडला गेला. सव्वानऊपर्यंत उत्तर आलं नाही. ‘मुद्दाम’ कॅमेऱ्यात येत नाही, ‘किंमत नाही’ तर नाहीच नाही. नवऱ्याच्या बाजूनं बघितलं तर मेसेजमध्ये तीन वाक्यं होती, आणि पहिलं वाक्य ‘रथाला कवा येताय’ हे होतं. पैसे तिसऱ्या वाक्यात होते. ज्याला वाटलं हिला फक्त पैसे दिसतात, त्यानं ते पहिलं वाक्य वाचूनही न वाचल्यासारखं केलं होतं.

निळ्या टिकेचंही तेवढंच आहे. दोन राखाडी टिका म्हणजे मेसेज फोनपर्यंत पोचला. निळ्या झाल्या म्हणजे तो चॅट उघडला गेला. कुणी उघडला, नीट वाचला का, तेव्हा उत्तर द्यायला हात मोकळा होता का, यातलं काहीही टिक सांगत नाही. बऱ्याच घरांत तर पोरंच बापाचा फोन घेऊन बसलेली असतात.

दिसलेलं आणि जोडलेलं असं वेगळं केल्यावर आपल्या अंदाजाखेरीज आणखी दोन-तीन कारणं काढून बघायची. कामात असेल, रेंज गेली असेल, पैसे नसतील म्हणून बोलायला अवघड वाटत असेल. यातलं चांगलं कारणच खरं मानायचं, असं नाही. तसं केलं तर तेही मन वाचणंच झालं, फक्त गोड. एकाच गोष्टीला चार कारणं असू शकतात हे दिसलं की पहिल्या अंदाजाची पकड सैल होते, आणि मग विचारता येतं.

विचारायचं कसं, इथं बहुतेकांचं बिघडतं. “का उत्तर दिलं नाही?” यातलं ‘का’ फिर्यादीसारखं लागतं. “तुमच्या मनात काय हाय ते मला चांगलं कळतंय” यात तर विचारणं नाहीच, निकाल आहे. त्यापेक्षा जे दिसलं ते, त्यावरून जे वाटलं ते, आणि मग प्रश्न, अशी मांडणी चालते. वाडीवरच्या बायकोला म्हणता आलं असतं, “दुपारी मेसेज बघितलासा, उत्तर आलं न्हाई. मला वाटलं तुमी चिडलाय. तसं हाय, का कामात हुता?” यात ‘मला वाटलं’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत. त्यामुळं तिचा अंदाज अंदाजच राहतो आणि समोरच्याला तो खोडायला जागा मिळते.

नवऱ्याच्या हातात तर याहून सोपा उपाय होता. १ वाजून १२ मिनिटांनी ‘भट्टीवर हाय, रात्री नवाला बोलतो’ एवढं टाकलं असतं, किंवा बोलून व्हॉइस मेसेज पाठवला असता, तर बायकोचे आठ तास अंदाज बांधण्यात गेले नसते. रात्री अवघड होतं ते हे वाक्य, “शेठनं उचल दिली न्हाई. रथाआधी पैसं जमतील का सांगता येत न्हाई, म्हणून फोन करायला लाज वाटत हुती.” असं बोलायला पुरुषमाणसाला जड जातं. पण ते न बोलता बायकोनं ओळखावं म्हटलं, तर तिनं ओळखलं ते उलटंच.

एवढं बोलून पाच हजार उभे राहत नाहीत, हेही खरं. बायकोला पोराचे कपडे महत्त्वाचे, नवऱ्याला हातउसने घ्यायचे नाहीत, हा मतभेद उरतोच. फक्त आता भांडण पाच हजारांचं राहतं. दोन हजार आता पाठवायचे, पोराचे कपडे घ्यायचे आणि बाकीचं पुढच्या पगारावर ढकलायचं, असा काही मार्ग त्यात निघू शकतो. ‘तुला माझी किंमत नाही’ या भांडणात असा दोन हजारांचा मधला मार्ग नसतो.

उपाय कुठं अडतो

राग डोक्यात गेलेला असताना यातलं काहीच सुचत नाही. नवरा-बायकोंच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकेतले मानसतज्ज्ञ जॉन गॉटमन सांगतात की, नाडीचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस समोरच्याचं ऐकूच शकत नाही, आणि शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. तेव्हा फोन ठेवलेला बरा, पण आपटायचा नाही. “आता माझं डोकं तापलंय, अर्ध्या तासानं करतो” असं सांगून ठेवायचा आणि खरंच अर्ध्या तासानं करायचा. न सांगता ठेवला तर त्याचाही अर्थ लावला जातो. मधल्या वेळेत तोच विषय मनात घोळवत बसलं, किंवा बहिणीला, मित्राला फोन करून सगळं परत सांगितलं, तर नाडी काही खाली येत नाही. त्यात तिसरं माणूस आपला अंदाज वर घालतं. “तुला कळत नाही, त्याच्या मनात दुसरंच हाय” असं सांगणारं माणूस प्रत्येक भावकीत एक तरी असतंच. स्टेटसला टोमणा ठेवणं हा त्याचाच नवा प्रकार. वाचणारे पन्नास जण, अर्थ लावणारे पन्नास.

विचारल्यावर “काय न्हाई” एवढंच उत्तर येणं हीही नेहमीची गोष्ट. तेव्हा खोदून खोदून विचारलं की समोरचा आणखी मिटतो. “बरं, वाटलं तर रात्री सांगा” म्हणून सोडावं आणि रात्री एकदाच आठवण करावी. मात्र महिनोन् महिने कुठल्याच गोष्टीला उत्तर मिळत नसेल, तर ते अंदाजाचं चुकणं म्हणता येणार नाही. वारंवार दिसणारी वागणूक ही वागणूकच असते.

एक फरक तर नीट ध्यानात घ्यायला हवा. मारहाण, दारू पिऊन धिंगाणा, पैसे अडवून धरणं, माहेरी फोन करू न देणं, जिवे मारायची धमकी, हे सगळं कॅमेऱ्यात दिसतं. तिथं ‘माझाच विचार चुकत असेल’ असं बाईनं स्वतःला समजावू नये आणि कुणी तिला समजावायलाही जाऊ नये. अशा छळापासून संरक्षणासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि पैशाचा छळही धरला आहे. महिलांसाठी मदतीचा फोन १८१, आणि जिवावर बेतलं तर पोलिसांचा ११२.

छळ नाही, पण मन सतत खिन्न राहतं, झोप लागत नाही, कुणीही काही बोललं तरी ते आपल्याविरुद्धच आहे असं वाटतं, हे दोन-तीन आठवडे चाललं असेल तर भांडणामागं आजारही असू शकतो. त्यासाठी सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालू असते. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. परराज्यात गलाईच्या कामावर असलेल्या माणसालाही तिथून हाच नंबर लावता येतो.